खताच्या दोन गोण्यांमधलं नत्र किलोमागे नेमकं कितीला पडतं?

दोन गोण्या शेजारीशेजारी ठेवलेल्या असतात. एकीवर नत्र ४६ टक्के, दुसरीवर २१ टक्के. दुसरीचा भाव बराच कमी असतो, म्हणून तीच स्वस्त समजून उचलली जाते. बहुतेकांची गल्लत इथे होते. दुसरी गल्लत करणारेही कमी नाहीत. ते नत्राचा हिशेब बरोबर मांडतात, पण दुसऱ्या गोणीत नत्राशिवाय आणखी काय आहे हे बघायचं विसरतात आणि चांगली गोणी महाग ठरवून मोकळे होतात. दोन्ही चुका टाळायच्या तर हिशेब एका ठरावीक क्रमानेच करावा लागतो. तो क्रम खाली दिला आहे.

उदाहरणासाठी युरिया आणि अमोनियम सल्फेट घेऊ. युरियात ४६ टक्के नत्र असतं आणि पिकाला उपयोगी असं दुसरं काही नसतं. अमोनियम सल्फेटमध्ये साधारण २१ टक्के नत्र आणि २४ टक्के गंधक असतो. खालचे भाव फक्त आकडेमोड दाखवण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या हातातल्या पावतीवरचे आकडे त्यांच्या जागी घाला.

## तयारी: आधी पाच गोष्टी लिहून काढा

कागदावर दोन रकाने आखा, पहिल्या गोणीला ‘अ’ म्हणा आणि दुसरीला ‘ब’. प्रत्येकीसाठी निव्वळ वजन, नत्राची टक्केवारी, इतर अन्नद्रव्यांची टक्केवारी, किंमत आणि वाहतूक व हमालीचा खर्च लिहा. हे आकडे आठवणीतून लिहू नका, गोणीवरून वाचा. गोण्या वेगवेगळ्या वजनाच्या येतात, आणि सारख्या दिसणाऱ्या दोन गोण्यांत पाच किलोचा फरक सहज असतो.

आपल्या उदाहरणात:

- अ (युरिया): ५० किलो, नत्र ४६ टक्के, किंमत १३४० रुपये, वाहतूक ४० रुपये
- ब (अमोनियम सल्फेट): ५० किलो, नत्र २१ टक्के, गंधक २४ टक्के, किंमत ९०५ रुपये, वाहतूक ४० रुपये

सावधान: गोणीवर तीन आकडे ओळीने असतील, तर पहिला नत्राचा, दुसरा स्फुरदाचा आणि तिसरा पालाशचा असतो. डीएपीवर १८-४६-० लिहिलेलं असतं. त्यातला ४६ स्फुरदाचा आहे. युरियाचा ४६ डोक्यात पक्का बसल्यामुळे हे दोन आकडे एकमेकांच्या जागी धरले जातात आणि पुढचा सगळा हिशेब कोलमडतो. आणखी एक: तिन्ही आकड्यांची बेरीज करून ‘एकूण ६४ टक्के खत’ असं कधीही म्हणू नका. त्या बेरजेवरून नत्राचा भाव निघत नाही.

## टप्पा १: गोणीत किती किलो नत्र आहे ते काढा

टक्केवारी वजनावर असते. म्हणून:

गोणीतलं नत्र = निव्वळ वजन × टक्केवारी ÷ १००

अ मध्ये ५० × ४६ ÷ १०० = २३ किलो.
ब मध्ये ५० × २१ ÷ १०० = १०.५ किलो.

म्हणजे अ गोणीत ब च्या दुपटीहून जास्त नत्र आहे. किंमत मात्र दुप्पट नाही. उत्तराचा अंदाज इथेच येऊ लागतो, पण लगेच निर्णय घेऊ नका.

किंमत थेट टक्केवारीने भागून तुलना करण्याची सोपी वाट अनेक जण धरतात. दोन्ही गोण्यांचं वजन सारखं असेल तर त्यातून निदान क्रम बरोबर लागतो. वजन वेगळं असलं की तीच वाट फसवते. अ गोणी ५० ऐवजी ४५ किलोची असती, तर तिच्यात २०.७ किलोच नत्र असतं. टक्केवारी ४६ च राहिली असती आणि हा फरक तुमच्या नजरेतून निसटला असता. म्हणून किलोत उतरवण्याची पायरी गाळू नका.

## टप्पा २: शेतापर्यंतची किंमत धरा

गोणीच्या किमतीत वाहतूक आणि हमाली मिळवा. हे बारीकसारीक वाटतं, पण कमी टक्केवारीच्या खताला हा खर्च जास्त झोंबतो, कारण तेवढ्याच नत्रासाठी जास्त वजन वाहावं लागतं. १०० किलो नत्रासाठी युरिया साधारण २१७ किलो लागतो, अमोनियम सल्फेट साधारण ४७६ किलो. उचलणं, साठवणं, शेतात टाकणं हे सगळं त्याच प्रमाणात वाढतं.

अ: १३४० + ४० = १३८० रुपये.
ब: ९०५ + ४० = ९४५ रुपये.

खत टाकायला मजूर लागत असतील आणि त्यांची मजुरी वजनावर ठरत असेल, तर तीही इथेच मिळवा. मजुरी दिवसावर असेल आणि दोन्ही खतं एकाच दिवसात टाकून होत असतील, तर सोडून द्या. तुलनेत फरक पाडणारा खर्चच धरायचा.

## टप्पा ३: भागाकार करा

अ: १३८० ÷ २३ = ६० रुपये किलो नत्र.
ब: ९४५ ÷ १०.५ = ९० रुपये किलो नत्र.

गोणीच्या भावात ब चारशेहून जास्त रुपयांनी स्वस्त दिसत होती. नत्राच्या भावात ती दीडपट महाग निघाली.

पडताळणी: हे उत्तर बरोबर आहे का हे दोन प्रकारे तपासता येतं. एक, उत्तराला नत्राच्या किलोंनी गुणा, शेतापर्यंतची किंमत परत मिळाली पाहिजे. ६० × २३ = १३८०, ठीक. दोन, नत्राचा किलोभाव हा खताच्या किलोभावापेक्षा नेहमी जास्तच असतो, कारण गोणीतलं सगळं काही नत्र नसतं. अ खताचा किलोभाव १३८० ÷ ५० = २७.६० रुपये. ४६ टक्के नत्र असेल तर नत्राचा भाव त्याच्या सुमारे २.१७ पट यायला हवा, आणि ६० हा आकडा त्यात बसतो. २१ टक्क्यांसाठी ही पट सुमारे ४.७६ आहे. उत्तर खताच्या किलोभावापेक्षा कमी आलं, तर भागाकार उलटा झाला आहे किंवा शंभराने भागायचं राहून गेलं आहे.

## टप्पा ४: ‘बरोबरीचा भाव’ काढा

बहुतेक जण तिसऱ्या टप्प्यावर थांबतात. माझ्या मते खरी उपयोगाची पायरी ही चौथी आहे. प्रश्न असा विचारायचा: ब गोणीतलं नत्र अ च्याच भावाने पडायचं असेल, तर ब गोणीची किंमत किती असायला हवी?

बरोबरीचा भाव = ब मधलं नत्र × अ मधला नत्राचा किलोभाव
= १०.५ × ६० = ६३० रुपये.

ब गोणी शेतात ६३० रुपयांपेक्षा कमी भावाने पोहोचत असेल, तर डोळे झाकून ती घ्या, गंधक फुकट मिळाला. आपल्या उदाहरणात ती ९४५ ला पडते. म्हणजे नत्रासाठी मोजायला हव्यात त्यापेक्षा ३१५ रुपये जास्त. हे ३१५ रुपये कशाचे? गोणीतल्या गंधकाचे. ते वाया गेले की कामी आले, हे पुढचा टप्पा सांगतो.

## टप्पा ५: गंधक कितीला पडला ते बघा

ब गोणीत गंधक ५० × २४ ÷ १०० = १२ किलो. त्यासाठी ३१५ रुपये जास्त मोजले. म्हणजे गंधक ३१५ ÷ १२ = २६.२५ रुपये किलो पडला.

आता हाच गंधक वेगळा घेतला तर काय भाव पडेल ते काढा. समजा ९० टक्के गंधकाची २५ किलोची पिशवी वाहतुकीसह ९०० रुपयांना मिळते. तिच्यात २२.५ किलो गंधक आहे, म्हणजे ४० रुपये किलो. तेव्हा गंधक हवाच असेल, तर अमोनियम सल्फेटमधून तो स्वस्त पडतो आहे.

तुलनेत एक गोष्ट लक्षात ठेवा. पिशवीतला मूलद्रव्य गंधक पीक लगेच उचलू शकत नाही. जमिनीतल्या जिवाणूंनी त्याचं सल्फेटमध्ये रूपांतर करावं लागतं, आणि त्याला ऊब, ओल व वेळ लागतो. अमोनियम सल्फेटमधला गंधक आधीच सल्फेटच्या रूपात असतो. म्हणून पिकाला चालू हंगामातच गंधक हवा असेल, तर दोन्हींचा भाव सारखा असतानाही सल्फेट घेणं शहाणपणाचं.

सावधान: ही पायरी फक्त जमिनीला गंधक हवा असेल तरच लागू होते. माती परीक्षणात गंधक पुरेसा निघाला असेल, तर त्याची किंमत तुमच्यासाठी शून्य आहे. बाजारात तो ४० ने विकला जात असला तरी शून्यच. मग ९० रुपये हाच ब मधल्या नत्राचा खरा भाव.

लेबल वाचताना: काही गोण्यांवर गंधक SO3 म्हणून छापलेला असतो. त्या आकड्याला ०.४ ने गुणलं की गंधक मिळतो. ६० टक्के SO3 लिहिलेल्या अमोनियम सल्फेटमध्ये गंधक २४ टक्केच असतो. एका गोणीवर ६० आणि दुसरीवर २४ दिसलं म्हणून पहिली भारी समजू नका. स्फुरदाचंही असंच आहे, पण तिथे दोन्ही गोण्यांवर सहसा एकच पद्धत असल्याने अडचण कमी येते. नत्र मात्र थेट नत्र म्हणूनच मोजतात, त्याला काही गुणावं लागत नाही.

## टप्पा ६: गोणीची नव्हे, गरजेची किंमत काढा

गंधक हवा आहे एवढं म्हणून भागत नाही. किती हवा आहे यावर सगळं ठरतं. समजा एका शेताला ६० किलो नत्र आणि २० किलो गंधक द्यायचा आहे. तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग, युरिया आणि वेगळा गंधक. नत्र ६० × ६० = ३६०० रुपये, गंधक २० × ४० = ८०० रुपये. एकूण ४४००.

दुसरा मार्ग, सगळं नत्र अमोनियम सल्फेटमधून. ६० × ९० = ५४०० रुपये. यात गंधक सुमारे ६९ किलो जातो. हवा होता २०. उरलेल्या ४९ किलोंचे पैसे तुम्ही दिले, पण त्यांची त्या हंगामात गरज नव्हती.

तिसरा मार्ग, गंधकापुरतं अमोनियम सल्फेट आणि उरलेलं नत्र युरियातून. २० किलो गंधकासाठी ८३.३ किलो अमोनियम सल्फेट लागतं. त्याचा खर्च १५७५ रुपये आणि त्यातून १७.५ किलो नत्रही मिळतं. उरलेलं ४२.५ किलो नत्र युरियातून, ४२.५ × ६० = २५५० रुपये. एकूण ४१२५.

तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त. गोणीशी गोणी ठेवून तुलना केली असती तर हे कधीच दिसलं नसतं, कारण तिथे उत्तर एकच मागितलं जातं, अ की ब. इथे उत्तर दोन्ही निघालं, आणि बहुतेक वेळा असंच निघतं.

पडताळणी: तिसऱ्या मार्गाचा खर्च दुसऱ्या रीतीने काढा. सगळं नत्र अ च्या भावाने आणि गंधक पाचव्या टप्प्यात निघालेल्या भावाने: ६० × ६० + २० × २६.२५ = ३६०० + ५२५ = ४१२५. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर चौथा किंवा पाचवा टप्पा पुन्हा करा.

डीएपीसारख्या खताचा हिशेबही याच क्रमाने होतो, फक्त गंधकाच्या जागी स्फुरद येतं. त्याच्या गोणीची किंमत नुसती १८ टक्के नत्राने भागून ‘नत्र फार महाग’ म्हणणं चूक आहे. आधी स्फुरदाची गरज किती आणि ते वेगळं घेतलं तर कितीला पडतं ते ठरवा, तेवढी रक्कम किमतीतून वजा करा, आणि मगच उरलेली रक्कम नत्राच्या किलोंनी भागा.

## टप्पा ७: हवेत उडणारं नत्र

‘युरिया स्वस्त आहे खरा, पण निम्मा उडून जातो’, हे वाक्य वारंवार ऐकायला मिळतं. युरियाचं नत्र उडतं यात तथ्य आहे. जमिनीच्या पृष्ठभागावर पडून राहिलेल्या युरियाचं युरिएझ या विकराच्या मदतीने विघटन होतं आणि नत्र अमोनिया वायू होऊन जातं. ऊन, वरवरची ओल, विम्ल जमीन आणि जमिनीवर पडलेला पालापाचोळा यांनी हे वाढतं. युरिया मातीआड केला किंवा टाकल्यावर लगेच पुरेसं पाणी दिलं, तर नुकसान बरंच आटोक्यात येतं.

किती टक्के उडालं हे शेतात मोजता येत नाही. म्हणून तो आकडा अंदाजाने धरू नका, प्रश्न उलटा विचारा: किती उडालं तर दोन्ही खतं सारख्या भावाची होतील?

६० ÷ ९० = ०.६७. म्हणजे युरियाच्या १०० भागांपैकी ६७ भाग नत्र जमिनीत टिकलं तरी भाव बरोबरीत येतो. एक तृतीयांश उडून जाईपर्यंत युरियाच स्वस्त (गंधकाची गरज नसेल तर). आता तुमच्या शेताकडे बघा. खत मातीआड होतंय का, पाणी लगेच मिळतंय का? दोन्हींचं उत्तर हो असेल, तर एक तृतीयांश नुकसान होण्याचं कारण नाही. वरखत म्हणून वाळत्या, उष्ण जमिनीवर फेकून आठवडाभर पाणी नसेल, तर मात्र ही शक्यता गंभीरपणे घ्यावी लागेल.

सावधान: अमोनियम सल्फेटचं नत्र कधीच उडत नाही असं धरू नका. उदासीन आणि आम्ल जमिनीत ते फारसं उडत नाही. चुनखडीच्या जमिनीत पृष्ठभागावर टाकलं तर त्यातूनही अमोनिया चांगलाच जातो. अशा जमिनीत युरियावर तेवढी तूट धरून अमोनियम सल्फेटवर शून्य धरली, तर तुलना एकतर्फी होते.

आम्ल जमिनीत खर्च दुसऱ्या बाजूने येतो. दोन्ही खतं जमीन आम्ल करतात, पण अमोनियम सल्फेट जास्त. एक किलो नत्रामागे होणारी आम्लता मारायला शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट युरियाच्या बाबतीत ढोबळमानाने १.८ किलो लागतं, अमोनियम सल्फेटच्या बाबतीत ५.४ किलो. तुम्ही दर काही वर्षांनी चुना टाकत असाल, तर वरच्या तिसऱ्या मार्गातल्या १७.५ किलो नत्रासाठी १७.५ × ३.६ = ६३ किलो जास्तीचा चुना धरून त्याचा खर्च ४१२५ मध्ये मिळवा. चुनखडीच्या जमिनीत ही रक्कम धरायचं कारण नाही.

## टप्पा ८: पूर्ण गोण्यांत उतरवा

आतापर्यंतचे आकडे किलोचे आहेत, विकत मात्र पूर्ण गोणीच मिळते. तिसऱ्या मार्गात अमोनियम सल्फेट ८३.३ किलो आणि युरिया ९२.४ किलो लागतो. म्हणजे दोन्हींच्या दोन-दोन गोण्या: २ × ९४५ + २ × १३८० = ४६५० रुपये. पहिल्या मार्गात युरिया १३०.४ किलो म्हणजे तीन गोण्या आणि गंधकाची एक पिशवी: ४१४० + ९०० = ५०४०. दुसऱ्या मार्गात अमोनियम सल्फेट २८५.७ किलो, म्हणजे सहा गोण्या, ५६७० रुपये. क्रम बदलला नाही, पण छोट्या क्षेत्रावर तो कधीकधी बदलतो, म्हणून खरेदीआधी ही पायरी कराच.

उरलेल्या खताची किंमत तेव्हाच धरा जेव्हा ते पुढे नक्की वापरलं जाणार असेल. तिसऱ्या मार्गात साधारण १७ किलो अमोनियम सल्फेट आणि साडेसात किलो युरिया उरतो. युरिया हवेतली ओल शोषतो आणि उघड्या गोणीत त्याचे गठ्ठे होतात, तेव्हा तो घट्ट बांधून कोरड्या जागी ठेवा. पुढच्या पिकाच्या हिशेबात हे किलो आधी वजा करा आणि उरलेल्या गरजेसाठीच नवीन गोण्या मोजा. तोवर दोन्हींपैकी एकाचाही भाव बदलला असेल, तर चौथ्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करा. भाव युरियाचा बदलला असेल तर त्याआधी तिसऱ्या टप्प्यातला भागाकार नव्याने करून घ्या, कारण ६३० हा बरोबरीचा भाव त्याच ६० वर उभा आहे.